चॅनेलवरचा अधिकार काढण्याचं पत्र

वाशीच्या मसाला बाजारात गाळा असलेलं एक कुटुंब समजा. गाळ्यावर काका बसतात आणि यूट्यूबचं चॅनेल पुतण्या बघतो. मालवणी मसाल्यात कोणती मिरची किती घालायची, हळकुंड कसं पारखायचं, असे व्हिडिओ तो टाकतो आणि त्यावरून ऑर्डरी येतात. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागते. भांडण काहीच नाही. अशा वेळी काकांना पत्र लिहिणं जड जातं, कारण घरच्या पोराला कसली नोटीस द्यायची? माझं मत आहे की पत्र नेमकं याच वेळी, गोडीत असताना लिहावं.

मात्र त्याआधी पडद्यावर एक गोष्ट तपासायची. YouTube Studio मध्ये Settings आणि त्याखाली Permissions उघडलं की कोणाकडे कोणता अधिकार आहे ते दिसतं. काका Owner आणि पुतण्या Manager असेल तर काम मिनिटाभराचं आहे. पुतण्याच्या नावासमोर Remove access निवडून जतन करायचं. यादी शेवटपर्यंत वाचावी, कारण Manager ला इतरांना आत घेता येतं. व्हिडिओ कापणारा एखादा मित्र अजून Editor म्हणून बसलेला असू शकतो. थेट प्रक्षेपण करत असाल तर stream key सुद्धा बदलावी. ती ज्याच्याकडे आहे त्याला यादीत नाव नसतानाही चॅनेलवर प्रक्षेपण सुरू करता येतं.

घरगुती धंद्यात अडतं ते दुसरीकडेच. चॅनेल सुरुवातीला पुतण्यानं स्वतःच्या जीमेलवर उघडलेलं असतं. म्हणजे यूट्यूबच्या लेखी मालक तो आणि काका पाहुणे. इथे काकांना त्याला काढताच येत नाही, आणि Permissions मधून मालकीही दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पुतण्यानंच ते चॅनेल Brand Account वर हलवावं लागतं, तिथे काकांना मालक करावं लागतं, आणि काकांना मुख्य मालक करण्याआधी सात दिवस थांबावं लागतं. म्हणून निरोपाचा दिवस ठरला की हे काम आठवडाभर आधीच हाती घ्यावं. नोकरीवर रुजू झालेल्या मुलाला नंतर फोन करकरून हे करून घेणं दोघांनाही नकोसं होतं.

बटण दाबून काम होत असेल तर पत्र कशाला? परवानगी कोणत्या दिवशी संपली हे बटण कोणाला सांगत नाही, म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. उद्या जुन्या लॅपटॉपवरून कोणी आत शिरलं तर परवानगी होती की नव्हती, हा पहिला प्रश्न येईल आणि पत्रावरची तारीख त्याचं उत्तर देईल. पत्र पुतण्याच्याही उपयोगाचं आहे. त्या तारखेनंतर चॅनेलवर काही वावगं गेलं तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये.

मजकूर साधा असावा:

«चि. … यास अनेक आशीर्वाद. तू दि. … पासून आपल्या चॅनेलचं काम सोडलं आहेस. त्याच दिवशी तुझा Manager हा अधिकार काढला आहे. तुझ्याकडचं मूळ चित्रीकरण आणि दुकानाच्या व्हॉट्सअॅपचं लॉगिन दि. … पर्यंत परत करावं. यापुढे चॅनेलच्या नावानं कोणाशी व्यवहार करू नये. तू केलेले व्हिडिओ चॅनेलवर राहतील, त्याबद्दलचा करार सोबत जोडला आहे.»

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून केलेली निर्मिती, वेगळा करार नसेल तर, मालकाची धरली जाते. पण पुतण्या पगारावर होता का? घरात हे कधी लिहिलेलंच नसतं. मग त्यानं लिहिलेल्या संहिता आणि काढलेले फोटो कोणाचे, हा वाद उभा राहू शकतो. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो, तोंडी बोलणं पुरत नाही. वाद पेटला आणि तक्रारी यूट्यूबकडे गेल्या, तर 90 दिवसांत तीन स्ट्राइक आल्यावर चॅनेल बंद होऊ शकतं.

पत्रावर पुतण्यानं «मिळालं» लिहून सही करावी, आणि तेच पत्र ईमेलनंही पाठवावं. मसाल्याच्या जाहिरातीसाठी तो ज्यांच्याशी बोलत होता, त्यांनाही त्याच दिवशी दोन ओळी कळवाव्यात. नाहीतर ते त्याच्याच नंबरवर पैशांचं बोलत राहतात.

हिशेबाचं वाक्यही त्याच पत्रात घालावं. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात, तेही शिल्लक 100 डॉलरवर गेली तरच. पुतण्या 30 जूनला गेला तर जूनच्या कमाईतला त्याचा वाटा जुलैअखेरीस हाती येईल. किती टक्के, कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे काकांनी लिहून द्यावं.