मजुरी दर विचलन आणि कार्यक्षमता विचलन

समजा, 100 लोखंडी बाकांच्या वेल्डिंगसाठी प्रमाण वेळ 200 तास आणि प्रमाण दर ताशी ₹100 आहे. म्हणजे प्रमाण मजुरी ₹20,000. या कामावर ताशी ₹80 घेणारे नवखे वेल्डर लावले. सदोष जोड घासून पुन्हा करावे लागल्याने 270 तास लागले आणि प्रत्यक्ष मजुरी ₹21,600 झाली.

दर विचलन = (100 − 80) × 270 = ₹5,400 अनुकूल
कार्यक्षमता विचलन = (200 − 270) × 100 = ₹7,000 प्रतिकूल
एकूण विचलन = ₹1,600 प्रतिकूल

₹80 दराने ₹20,000 मध्ये 250 तासच बसतात. त्यापुढे स्वस्त मजूर महाग पडतो. म्हणून दोन्ही विचलने एकत्रच वाचावीत. वाया गेलेल्या वेल्डिंग रॉडचा खर्च यात येत नाही. तो सामग्री वापर विचलनात दिसतो.