टोकियोच्या सॉकेटमध्ये पुण्याचा चार्जर

मोबाइलच्या चार्जरवर मुंगीच्या अक्षरात काहीतरी छापलेलं असतं. एरवी ते वाचायची गरज पडत नाही. जपानला जायचं ठरलं असेल तर मात्र त्याचा फोटो काढावा आणि मोठा करून नीट वाचावा. त्यातली INPUT: पासून सुरू होणारी ओळ महत्त्वाची.

आपल्या घरात वीज २३० व्होल्टने येते आणि जपानमध्ये १०० व्होल्टने. त्या ओळीत 100-240V~ 50/60Hz असं छापलेलं असेल, तर दोन्हीकडची वीज त्या चार्जरला चालते. हल्लीच्या बहुतेक चार्जरवर हेच असतं. चार्जर आलेल्या विजेचं आधी डीसीत रूपांतर करतो आणि मग फोनला हवे तेवढे व्होल्ट तयार करतो, म्हणून त्याला एवढा मोठा फरक झेपतो. जपानची आणखी एक गंमत त्याला जाणवतही नाही. टोकियोकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि ओसाकाकडे ६० ची. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि तो दुभंग आजही तसाच आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो पिनांचा. आपल्या चार्जरला दोन गोल पिना असतात, तर जपानच्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी. इथे ॲडॉप्टर लागतो. पण दुकानात मिळणारा साधा ट्रॅव्हल ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडून आलेला १२० व्होल्टचा राइस कुकर अशाच ॲडॉप्टरने आपल्या सॉकेटला जोडला, तर त्याचं कॉइल ठरल्यापेक्षा साडेतीन पटीहून जास्त वीज ओढू लागतं आणि थोड्याच वेळात जळतं. कुकरवर फक्त 120V छापलेलं असतं, 100-240V नसतं. चार्जर आणि कुकर यांतला फरक त्या एका ओळीत दिसतो.

जपानसाठी ॲडॉप्टर घेताना तो दोन पिनांचाच घ्यावा. अमेरिकेसाठीच्या ॲडॉप्टरला बऱ्याचदा अर्थिंगची तिसरी गोल पिन असते, आणि जपानी हॉटेलांतल्या पुष्कळ सॉकेटना तिच्यासाठी भोकच नसतं. काही ॲडॉप्टरची एक चपटी पिन दुसरीपेक्षा रुंद असते. जुन्या सॉकेटमध्ये तीही अडते.

इतकं जमलं, फोन चार्ज व्हायला लागला, तरी एक तक्रार उरते: पुण्यात अर्ध्या तासात भरणारी बॅटरी इथे इतका वेळ का घेते? तेवढ्याच वॉटसाठी १०० व्होल्टवर २३० व्होल्टच्या सव्वादोन पटीहून जास्त करंट घ्यावा लागतो. करंट वाढला की चार्जरच्या आतले भाग जास्त तापतात. छोट्याशा डबीत ८० वॉट बसवणाऱ्या कंपन्यांना ही उष्णता सांभाळणं अवघड जातं, म्हणून काही चार्जर कमी व्होल्टेजवर मुद्दामच कमी वॉट देतात. वनप्लस १० प्रो हा फोन २०२२ मध्ये भारतात ८० वॉटच्या चार्जिंगसह आला, उत्तर अमेरिकेत मात्र ६५ वॉटच्या. तेव्हाचं ८० वॉटचं चार्जिंग ११०-१२० व्होल्टवर चालत नाही, असं कंपनीनेच सांगितलं होतं. काही चार्जरवर 100-130V आणि 200-240V अशा दोन वेगळ्या ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे वेगळे वॉट. तुमच्या चार्जरवर तसं असेल तर टोकियोतला वेग पहिल्या ओळीवरून आधीच कळतो.

वेग कमी होण्याचं कारण दर वेळी व्होल्टेजच असेल असं नाही. फोन हॉटेलमधल्या यूएसबी पोर्टला लावला असेल, तर वेग त्या पोर्टच्या कुवतीवर ठरतो, आणि ती बऱ्याचदा अगदी बेताची असते. शिवाय अनेक कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर चालतं. तिथेच विकत घेतलेला यूएसबी-सीचा पीडी चार्जर फोनला चालेल, पण स्क्रीनवर आपल्या सवयीची ‘सुपर’ची अक्षरं बहुधा उमटणार नाहीत.

मोठा चार्जर ॲडॉप्टरवर बसवला की त्याच्या वजनाने सगळा जोड भिंतीवरून खाली झुकतो. चपट्या पिना सैल होतात, तिथे बारीक ठिणग्या पडतात आणि ॲडॉप्टर तापतो. चार्जर कोमट लागणं नेहमीचंच आहे. पण ॲडॉप्टर चार्जरपेक्षा गरम लागला, किंवा चार्जिंग थांबून-थांबून सुरू होत असेल, तर तो ताबडतोब काढावा आणि चार्जर सपाट जागी ठेवून छोटी एक्स्टेन्शन केबल वापरावी. तशी केबल जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते.