जालन्याच्या उन्हाळ्यातील सुगंध

वैशाख लागला की जालना जिल्ह्यात लग्नसराईची धांदल उडते आणि पाराही चाळिशी ओलांडतो. सुगंधाची बाटली विकत घेण्याचे दिवस हेच, आणि घेतलेली बाटली नासण्याचेही हेच. प्रस्तुत वक्त्याने एकदा आहेरात आलेली बाटली पत्र्याच्या छपराखालील खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी, आरशापुढे मोठ्या हौसेने मांडून ठेवली होती. मृगाचा पाऊस येईपर्यंत तिच्यातील लिंबाचा टवटवीतपणा जाऊन त्या जागी टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प आला होता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी बाटलीत काय असते ते प्रथम पाहू. सुगंधी द्रव्ये मद्यार्कात विरघळवून हा पदार्थ तयार होतो. सुगंधी द्रव्यांचे प्रमाण शेकडा वीस ते तीस असले तर त्यास 'पार्फम' म्हणतात; पंधरा ते वीसच्या आसपास 'ओ द पार्फम', पाच ते पंधरा 'ओ द त्वालेत', आणि त्याहून विरळ ते 'ओ द कोलोन'. हे शेवटचे नाव जर्मनीतील कोलोन शहरावरून पडले; तेथे फरीना नामक इटालियन गृहस्थाने 1709 साली आपली पेढी थाटली. मात्र हे आकडे व्यापारातील रूढी होत, कायदा नव्हे. वेष्टनावर पुष्कळदा मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. परंतु शंभरातून ते वजा करून उरेल ते सारे सुगंधी द्रव्य, असा हिशेब कोणी करू नये. उरलेल्यात पाणीही असते.

तरीही या नावांचा उपयोग आहेच. समजा, शंभर मिलिलिटरच्या 'त्वालेत'मध्ये शेकडा आठ आणि पन्नास मिलिलिटरच्या 'ओ द पार्फम' जातीत शेकडा सोळा सुगंधी द्रव्य आहे. मोठ्या बाटलीत आठ मिलिलिटर द्रव्य, लहानीतही तितकेच! तेव्हा बाटलीच्या आकारावर भुलण्यात अर्थ नाही. अर्थात, अधिक दाट ते अधिक चांगले, असेही नव्हे. भर उन्हात तापलेल्या अंगावर दाट, गोडसर सुगंध इतका उसळतो की शेजारी बसलेल्यास मळमळावे. दिवसा विरळ आणि सायंकाळी दाट, ही वाटणी मराठवाड्याच्या हवेत सोयीची पडते. आपले जुने अत्तर या साऱ्याहून निराळे. त्यात मद्यार्क नसतो. कन्नौजच्या पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवितात. म्हणूनच कानातील एक फाया दिवसभर पुरतो. स्वस्त अत्तरात चंदनतेलाऐवजी खनिज तेल घालतात; तसले अत्तर कागदावर लावून दुसऱ्या दिवशी पाहावे, वास गेलेला आणि तेलकट डाग तेवढा उरलेला दिसेल.

आता परीक्षेकडे वळू. दुकानातील कागदाची पट्टी केवळ नापसंत बाटल्या बाजूस सारण्यापुरती. निवड त्वचेवरच करावी. सकाळी अकरा वाजता दोन मनगटांवर दोन निरनिराळे सुगंध लावावेत, तिसरा नको. मनगटे एकमेकांवर चोळू नयेत, नाहीतर दोन्ही वास एकमेकांत मिसळतील. पहिली पंधरा-वीस मिनिटे मद्यार्काची आणि लिंबूवर्गीय द्रव्यांची. दुकानदाराची भिस्त नेमकी त्यांवर असते. त्यांना उडून जाऊ द्यावे. बाजारातील इतर कामे उरकून एक वाजता पुन्हा हुंगावे, आणि पाच वाजता आणखी एकदा. पाच वाजता जो आवडेल, तोच आपला. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो, तेव्हा शेजारणीच्या अनुभवावर विसंबून खरेदी करू नये. ज्यांची त्वचा नाजूक, त्यांनी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. नैसर्गिक बर्गमोट तेल असलेला सुगंध लावून ती जागा उन्हात नेल्यास काळे डाग पडू शकतात, हेही ध्यानी असावे.

साठवणीत तीन वैरी: उष्णता, उजेड आणि हवा. जालना हे बियाण्यांच्या व्यापाराचे गाव. तेथील व्यापाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. बाटली तिच्या खोक्यातच, उभी, टोपण घट्ट लावून ठेवावी. उन्हाच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट दुपारी भट्टीसारखे तापते, न्हाणीघरात दिवसातून दोनदा वाफ कोंडते, आणि मोटारीतील कप्प्याची तर गोष्टच नको. मधल्या खोलीच्या जाड मातीच्या भिंतीतील फडताळ ज्यांच्या घरी शिल्लक आहे, त्यांनी तेथेच ठेवावी. नसेल तर कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण पुरे. खोलीत उष्ण हवा वर चढते. शीतकपाटात ठेवल्याने बिघडत नाही, परंतु रोज काढघाल करण्यापेक्षा उन्हाळाभर लागणार नाही तीच बाटली तेथे ठेवावी, आणि तीही बंद डब्यात. नाहीतर लोण्याला तिचा वास लागतो.

अर्धी रिकामी बाटली भरलेलीपेक्षा लवकर नासते, कारण तिच्यात हवा अधिक. म्हणून लहान बाटली घेऊन ती संपविणे बरे. रंग गडद झाला एवढ्याने टाकून देऊ नये. व्हॅनिलाचे द्रव्य असले तर तो आपोआप तपकिरी होतो. पहिल्याच फवाऱ्यास आंबूस वास आला आणि तो अर्ध्या तासानेही गेला नाही, तर मात्र ती बाटली गेली असे समजावे.