बऱ्या झालेल्या क्षयाची पोकळी

लोणंदच्या बाजार आवारात उन्हाळी कांद्याचे ढीग उपसले जात असता, तळाच्या कांद्याच्या वाळक्या पापुद्र्याखाली जी काळी भुकटी हाताला लागते, ती धूळ नसून अ‍ॅस्परजिलस नायजर नामक बुरशीचे असंख्य बीजकण होत, हे तेथील हमालास कोणी सांगितलेले नसते आणि सांगण्याचे तसे कारणही नसते, कारण निरोगी फुप्फुस असे कण जन्मभर श्वासावाटे घेते आणि निमूटपणे बाहेर टाकते. 1729 साली फ्लॉरेन्सच्या मिकेली या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली या कुळातील बुरशी पाहिली, तेव्हा दांडीच्या टोकाला फुललेला तो झुबका त्याला तीर्थ शिंपडण्याच्या चर्चमधील कुंच्यासारखा भासला, आणि त्या कुंच्याचेच नाव त्याने बुरशीला दिले. छातीत बिऱ्हाड करणारी बुरशी मात्र बहुधा कांद्यावरची काळी नव्हे, तर तिच्याच गोतातील हिरवट फ्यूमिगेटस आणि आपल्याकडे काही वेळा पिवळसर फ्लेव्हस असते; ती कुजक्या पाल्यात, कडब्यात, उकिरड्यावर सर्वत्र नांदते, म्हणून या आजाराचे खापर एखाद्या धंद्यावर फोडणे न्याय्य होणार नाही.

दोष हवेचा नाही, जागेचा आहे. क्षयाने फुप्फुस पोखरले, औषधांनी जंतू मेले, सरकारी दफ्तरात रोगी बरा झाल्याची नोंद झाली. पण जी पोकळी मागे राहिली तिला ना धड रक्तपुरवठा, ना कण बाहेर लोटणारे अस्तर. 1968 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत, क्षय बरा झाल्यावर अडीच सेंटिमीटर वा अधिक रुंदीची पोकळी उरलेल्या 544 जणांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोकांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली होती. तशा पोकळीत कण रुजतो, तंतू वाढतात, त्यांचा गोळा बनतो, आणि छातीच्या फोटोत त्या गोळ्यावर हवेची बारीक चंद्रकोर दिसते. रुग्णाने कूस बदलली की पुष्कळदा गोळाही जागा बदलतो. गोळा नसतानाही पोकळीची भिंत जाड होत जाते, नव्या पोकळ्या पडतात, आणि वर्षानुवर्षे फुप्फुस झिजत राहते. यालाच दीर्घकालीन फुप्फुसीय अ‍ॅस्परजिलोसिस म्हणतात.

या रोगाचे खरे दुर्दैव हे की त्याचा चेहरा हुबेहूब क्षयाचा आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांची हकीकत एकत्र गुंफून सांगतो. छप्पन वर्षांचा एक हमाल, आठ वर्षांपूर्वी क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार पुरा केलेला, चार महिन्यांच्या खोकल्याने, पाच किलो वजन घटून आणि बेडक्यातून रक्ताच्या रेषा पडू लागल्याने घाबरून आला. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा जंतू नाहीत. तरी जुना फोटो, जुना डाग, रक्त, एवढ्या पुराव्यावर एका ठिकाणी त्याला पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि दोन महिन्यांत काडीचाही फरक पडला नव्हता. लक्षणे तीन महिन्यांहून जुनी, सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर जाड भिंतीची पोकळी व आत गोळा, आणि रक्तात अ‍ॅस्परजिलस आयजीजी प्रतिद्रव्य भरपूर: या तीन गोष्टी जुळल्या आणि सक्रिय क्षय नाही अशी खात्री झाली, म्हणजे निदान झाले. त्या आयजीजीची साधी रक्ततपासणी दोन महिने आधी कोणी सुचवली असती तर, ही हळहळ मला आजही वाटते.

उपचार इट्राकोनॅझोलचा: शंभर मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल सकाळी, दोन रात्री. ऐकण्यास सोपे, पण या औषधाच्या अटी फार आहेत. कॅप्सूल विरघळण्यास जठरात आम्ल लागते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची, आणि पित्तशामक गोळी तिच्या सोबत चालत नाही. त्याहून घातक वैर रिफॅम्पिसिनचे: क्षयाचे हे औषध यकृताला असे चेतवते की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही, आणि ते बंद केल्यानंतरही तो प्रभाव ओसरण्यास दोनेक आठवडे लागतात. म्हणजे शंकेपोटी दोन्ही औषधे एकदम देणे हे बुरशीला अभय देण्यासारखेच झाले. आमच्या हमालाचे रिफॅम्पिसिन बंद करून, मधे तीन आठवडे जाऊ देऊन कॅप्सूल सुरू केल्या, आणि दोन आठवड्यांनी रक्तातील पातळी मोजली. दर मिलिलिटरला निदान एक मायक्रोग्रॅम हवी होती, निघाली 0.3. खोदून विचारता कळले की जळजळ होते म्हणून तो रोज पहाटे दुकानातून आणलेली पित्ताची गोळी घेत असे, आणि कॅप्सूल नुसत्या चहावर. गोळी थांबवली, कॅप्सूल भाकरीनंतर घेण्यास बजावले. पुढील मोजणीत पातळी 1.4 झाली. पातळी न मोजता औषध निकामी ठरवणे किती चुकीचे, ते या एका प्रसंगाने मला कायमचे शिकवले.

चौथ्या महिन्यात एका रात्री त्याला पेलाभर लाल रक्त पडले. पोकळीच्या भिंतीभोवती श्वासनलिकेच्या धमन्या फुगून नागमोडी होतात. त्या थेट महाधमनीच्या दाबाखाली असल्याने रक्त जोराने येते, आणि माणूस रक्त कमी पडून नव्हे तर श्वासमार्ग भरून गुदमरतो, कारण मोठ्या श्वासनलिकांची सारी जागा जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणून ज्या बाजूला आजार त्याच कुशीवर निजवायचे, म्हणजे चांगले फुप्फुस वर राहून वाचते. त्याला तसेच निजवून, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देऊन, पुण्यास नेले. तेथे जांघेतील धमनीतून बारीक नळी सरकवून रक्त गळणाऱ्या धमन्या कणांनी बुजवण्यात आल्या. त्याने रक्त थांबते, पण बुरशी जाईपर्यंत नव्या धमन्या फुटू शकतात, म्हणून ही तजवीज तात्पुरती मानावी. पोकळी एकच आणि उरलेले फुप्फुस सशक्त असेल तर शस्त्रक्रियेने ती काढणे श्रेयस्कर; याचे दुसरे फुप्फुसही डागाळलेले, त्यामुळे ती वाट बंद होती.

सहाव्या महिन्यास खोकला मंदावला, रक्त नाही, आणि ‘आता पुरे’ असे तो म्हणू लागला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने 164 रुग्णांवर केलेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी 38 टक्के लोकांचा रोग दोन वर्षांत उलटला, बारा महिने घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांचा. हे आकडे त्याला समजावून पुढचे सहा महिने पुरे करवून घेतले. या काळात पायांवर सूज, चढता रक्तदाब, यकृताची तपासणी यांवर डोळा ठेवावा लागला, कारण दुर्बल हृदयाला हे औषध मानवत नाही. सुधारणा कशावरून म्हणावी, याचाही निवाडा नीट करावा लागतो. आयजीजी सावकाश उतरते, वर्षानंतरही वाढलेलीच आढळते, त्यामुळे तिच्या एकट्या आकड्यावर औषध लांबवणे वा बदलणे बरोबर नाही. गोळाही स्कॅनमध्ये तसाच राहू शकतो. भरवशाचे साक्षीदार म्हणजे खोकला, रक्त, भूक आणि वजन, आणि स्कॅनमध्ये पोकळीच्या भिंतीची व फुप्फुसावरणाची जाडी.

वजनाचा हिशोब त्याने स्वतःच ठेवला होता. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला, पहिले पोते चढण्याआधी तो आडतीवरच्या काट्यावर उभा राही आणि हमालीच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहून आणी: 49, 49, 51, 50, 52, 53. पन्नासचा आकडा रक्त पडलेल्या महिन्याचा. बाराव्या ओळीवर 55 होते. औषध थांबवल्यानंतरही ती वही तो तीन महिन्यांनी घेऊन येतो, आणि मी आधी तिचे मागचे पान उघडतो.