गर्दीचा भाव

शिकागोच्या धान्यबाजारातले व्यापारी पीटर स्टाइडलमायर यांनी १९८०च्या दशकात 'मार्केट प्रोफाइल' रूढ केले. कोणत्या भावाला बाजार किती वेळ रेंगाळला, हे त्यात दिसे. व्हॉल्यूम प्रोफाइल वेळेऐवजी उलाढाल मोजते.

समजा, एका शेअरचे दिवसभरात एक लाख सौदे झाले: १०१ रुपयांना ३५ हजार, १०२ला २२, १००ला १८, उरलेले ९८, ९९ आणि १०३ला. सर्वाधिक उलाढालीचा १०१ हा 'पॉइंट ऑफ कंट्रोल'. तिथून शेजारचे भाव, जास्त उलाढालीचा आधी, मिळवत साधारण ७० टक्के गाठायचे. ३५ आणि २२ मिळून ५७. १८ धरले की ७५. म्हणून १०० ते १०२ हा 'व्हॅल्यू एरिया', त्या दिवसापुरता रास्त भावाचा पट्टा.

दुसऱ्या दिवशी भाव १०४ला उघडला, पण उलाढाल रोडावून तो १०२च्या आत परतला, तर वरचा भाव बाजाराला पटलेला नसतो. १०४लाच सौद्यांची रास साचू लागली, तर मात्र कालचा पट्टा शिळा झाला. तिमाही निकालानंतर हे अनेकदा घडते, आणि जुन्या १०१वर भिस्त ठेवणारा तिथेच फसतो.