खिद्रापूरला आधी उजेड बघा

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात गेलात की थेट गाभाऱ्याकडे धावू नका. पहिला येतो स्वर्गमंडप. याच्या छताला मधोमध मोठं गोल छिद्र आहे आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल रंगशिळा. आपोआप मान वर जाते, पावलं थांबतात. तिथून सभामंडपात शिरलं की उजेड एकदम उतरतो, चाल मंदावते. पुढे अंतराळ, मग काळोखा गाभारा. डोळे सरावल्यावरच कोपेश्वर आणि शेजारचा धोपेश्वर, म्हणजे विष्णू, नीट दिसतात. माझ्या मते ही उजेडाची उतरंड शिल्पांइतकीच मोलाची आहे. म्हणून मोबाईलची बॅटरी लावू नका, दोन मिनिटं अंधारात थांबा.