पाचवा भाग आधी, पहिला भाग नंतर

दैनिकात मालिका छापायची ठरली की पहिल्या बैठकीत फळ्यावर विषयांची यादी तयार होते आणि सगळ्यांना वाटतं, मालिका जमली. ऊसतोड कामगारांवरच्या आमच्या मालिकेची पहिली बैठक २०२४च्या ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा फळ्यावर सतरा ओळी होत्या. स्थलांतर, शिक्षण, आरोग्य, मुकादम, कर्जबाजारीपणा, बैल, अपघात, राजकारण आणि असंच बरंच काही. त्यातली एकही ओळ बातमी नव्हती.

मी ती चूक आधी एकदा केली होती. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दैनिकात असताना, दुष्काळावर आठ भागांची मालिका माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी कोरडी विहीर, दुसऱ्या दिवशी चारा छावणी, तिसऱ्या दिवशी टँकर. प्रत्येक भाग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याने सुरू व्हायचा आणि एका सुस्काऱ्यावर संपायचा. चौथ्या दिवशी मालिका पान एकवरून पान सातवर गेली. सहाव्या दिवशी एका तालुका वार्ताहराने फोन करून विचारलं, ‘मालिका संपली का?’ प्रत्येक भाग वाचकाला तीच गोष्ट सांगत होता, की परिस्थिती वाईट आहे. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसरा भाग वाचायला त्याच्याकडे कारणच उरलं नव्हतं.

म्हणून या वेळी सतराही ओळी पुसल्या आणि अट घातली. प्रत्येक भाग एका वाक्यात सांगायचा, त्या वाक्यात क्रियापद हवं आणि ते खोटं ठरण्याची शक्यता हवी. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण’ हा विषय आहे. ‘हंगामी वसतिगृह मंजूर होईपर्यंत टोळी निघून गेलेली असते, म्हणून मूल फडात जातं’ हा कोन आहे. वार्ताहर गावात जाऊन दोन तारखा पाहतो, वसतिगृह सुरू झाल्याची आणि टोळी निघाल्याची. तारखा उलट निघाल्या तर कोन पडला. असा पडू शकणारा कोनच वार्ताहराला कुठे जायचं आणि काय मागायचं हे सांगतो. या चाळणीतून सतरांपैकी सहा ओळी उरल्या. बैलांवरची सुंदर ओळ गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण तिच्यात छायाचित्र होतं, प्रश्न नव्हता.

मग क्रम. आम्ही सहा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं, हा भाग वाचून संपल्यावर वाचक काय विचारेल? पहिल्या भागात एक जोडपं, म्हणजे कामाच्या भाषेत एक कोयता, आणि त्याने मुकादमाकडून घेतलेली उचल. समजा उचल ८० हजारांची. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. जोडप्याने दिवसाला दीड टन तोडला तर ५४९ रुपये होतात, म्हणजे नुसती उचल फिटायलाच साधारण १४६ दिवस लागतात. खाडा झाला किंवा किराण्याला खर्ची घेतली, तर दिवस आणखी वाढतात. हा हिशेब वाचल्यावर वाचकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो. मग हे लोक उचल घेतातच का? दुसरा भाग त्याचं उत्तर, गावात उन्हाळ्यात काय उरतं आणि उचलीचा पैसा लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात कसा जातो. त्यातून पुढचा प्रश्न, मुलं कुठे असतात? तिसरा भाग वसतिगृहाचा. आणि बाई? तो चौथा.

चौथ्या भागाच्या जागेवर सर्वांत जास्त वाद झाला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली आणि ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. दर सहा जणींमागे जवळपास एक. वितरण विभागाचं म्हणणं होतं, एवढा मोठा आकडा आहे तर तोच पहिल्या दिवशी द्या. संपादकांनाही ते पटत होतं. मी विरोध केला. तो आकडा वाचकाने पाच वर्षांपूर्वी वाचलेला होता. शिवाय खाडा म्हणजे काय, एक दिवस काम बुडलं की हिशेबात काय होतं, हे कळल्याशिवाय पाळी आणि कंबरदुखीला कंटाळून पस्तिशीतली बाई ऑपरेशनला का तयार होते, हे समजत नाही. पहिल्या तीन भागांवर उभा राहिला तरच हा भाग समजतो. अखेर तो चौथ्या जागी राहिला.

या भागावर डेस्कने एक सूचना लाल शाईत लिहिली होती, ती इथे देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. बीडचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून ‘पाचपट’ असा मथळा देण्याचा मोह होतो. पण दोन पाहण्यांतला वयोगट आणि निवड एकसारखी आहे हे तपासल्याशिवाय असा मथळा द्यायचा नाही. मालिकेतला एक आकडा कच्चा निघाला की पुढचे सगळे भाग संशयात सापडतात, आणि विरोधात असलेल्या माणसाला तेवढंच पुरतं.

पाचवा भाग कारखाना, वाहतूक ठेकेदार आणि मुकादम यांच्यातल्या करारांचा होता. छापायच्या क्रमात तो पाचवा, पण कामाच्या क्रमात पहिला. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर अर्धवट आलं तर अपील. म्हणून कामगार आयुक्तालय आणि इतर कचेऱ्यांकडचे अर्ज ऑगस्टमध्येच टाकले. दुसरं कारण त्याहून मोठं होतं. एकदा पहिला भाग छापला की दारं बंद होतात. ज्या मुकादमाने सप्टेंबरात ओट्यावर बसवून वही दाखवली, तो डिसेंबरात फोन उचलत नाही. त्यामुळे नियम केला की ज्यात कोणावर ठपका येणार, तो भाग त्याच्या प्रतिक्रियेसह तयार होऊन वकिलाच्या नजरेखालून जात नाही, तोवर पहिला भाग छापायचा नाही. हा नियम मोडल्यामुळे शेवटचे दोन भाग न छापताच विरून गेलेल्या मालिका मी पाहिल्या आहेत.

वार्ताहर वाटताना ज्येष्ठतेचा विचार करणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. मी प्रत्येक चिठ्ठीवर आधी लिहिलं, या दारातून आत कोण जाऊ शकेल? बीडच्या आमच्या जिल्हा वार्ताहराला वीस मुकादम नावाने ओळखत. तो नसता तर वही दिसलीच नसती. पण त्याचं घर तिथेच, मुलं तिथल्याच शाळेत आणि मुकादमांचे लागेबांधे थेट पुढाऱ्यांपर्यंत. त्याच्या नावाने पाचवा भाग छापणं म्हणजे त्याला एकट्याला तोंडावर देणं. म्हणून त्याच्याकडे पहिले दोन भाग दिले, आणि पाचव्याचे अवघड प्रश्न पुण्याहून गेलेल्या वार्ताहराने विचारले. चौथा भाग कोल्हापूर आवृत्तीतल्या वार्ताहर बाईंकडे गेला. त्या आरोग्य विषय पाहत नव्हत्या, पण फडाजवळच्या कोपीत पहाटे चूल पेटवणाऱ्या बाईशेजारी त्या तीन दिवस बसू शकत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी त्या बाईने स्वतःहून सांगितलं, ‘आमचं दोघांचं मिळून एक कोयता, पण करारावर नाव मालकाचंच.’ या वाक्यातून चौथ्या भागाला मथळा मिळाला आणि पाचव्या भागाला एक नवा प्रश्नही. म्हणून वार्ताहरांनी एकमेकांच्या नोंदी दर शनिवारी वाचाव्यात असं ठरलं. नाहीतर दोघे एकाच कारखान्यावर जातात आणि मधलं गाव सुटतं.

सहावा भाग मुकादमाचा. तो मीच धरून बसलो होतो. कामगार उचल घेऊन पळून गेला तर कारखान्याचे पैसे मुकादमाच्या अंगावर येतात, आणि मोडलेले मुकादम गावोगाव आहेत. पाच दिवस वाचकाने ज्याचा राग धरला, त्याला सहाव्या दिवशी भेटायचं. हाच भाग दुसऱ्या दिवशी दिला असता तर तो सफाई वाटला असता.

छापायची तारीख मात्र आमच्या हातात नव्हती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, २३ला निकाल, मग सरकार बनेपर्यंत पहिल्या पानावर बोटभर जागा नाही. शपथविधी ५ डिसेंबरला झाला. नागपूरचं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, फक्त सहा दिवसांचं. आमदाराच्या हाती कात्रण अधिवेशनाच्या आधी पडायला हवं. म्हणून रविवार ८ ते शुक्रवार १३ डिसेंबर हे सहा दिवस ठरले. रविवारी पहिला भाग पूर्ण पानभर, कारण त्या दिवशी वाचक निवांत असतो. सोमवारपासून ७०० शब्द आणि एक चौकट. चौकटीत आदल्या दिवशीचं सार चार ओळींत, कारण मंगळवारी पहिल्यांदाच अंक हातात घेतलेल्या माणसाला उचल, खर्ची, खाडा हे शब्द परके असतात.

एक चिठ्ठी आम्ही कोरी ठेवली होती. तिसऱ्या भागानंतर एका शिक्षकाने स्वतःच्या गावातल्या पटाची नोंद पाठवली, चौथ्यानंतर एका परिचारिकेचा फोन आला. दोन्ही तपासून शनिवारी त्या कोऱ्या जागी गेलं. सगळे भाग आधीच पानांत बसवून टाकले असते तर या दोघांना पत्रव्यवहाराच्या स्तंभात टाकावं लागलं असतं.

आणि पहिल्या भागातलं जोडपं. पट्टा पडल्यावर, वसंतात, बीडचा वार्ताहर पुन्हा त्यांच्या ओट्यावर गेला. हंगाम लवकर आटोपला होता. मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे १०४ दिवस आणि १५६ टन लिहिलं होतं. मजुरी ५७,०९६ रुपये. उचलीतून ती वजा केली तरी २२,९०४ रुपये बाकी होती, खर्ची वेगळी. ती रक्कम नव्या पानावर, पुढच्या हंगामाच्या उचलीत उतरवून घेतली होती आणि खाली अंगठा होता. त्या पानाचं छायाचित्र आम्ही सातवा भाग म्हणून छापलं, मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा.